सिमव्हास्टॅटिन आणि ग्रेपफ्रूट

इंदूरला मंडईत चकोतरा म्हणून मिळणारं पपनस आणि मॉलमधलं ग्रेपफ्रूट, कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी दोन्ही टाळावीत. यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. गोळीचा बराचसा भाग ते रक्तात जाण्याआधीच मोडतं. या फळांतली द्रव्यं आतड्यातलं एन्झाइम कायमचं निकामी करतात. नवं तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ‘फळ सकाळी, गोळी रात्री’ ही युक्ती चालत नाही. औषध रक्तात वाढतं. मग अंग विनाकारण दुखतं, स्नायू गळून जातात. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्याच दुसऱ्या गोळीला ही अडचण नाही. फळ फारच आवडत असेल तर गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.