सीट परत बसवली, पण एअरबॅगचा दिवा जात नाही: हात घालण्याआधीची तयारी

सीट काढून आतलं कार्पेट वाळवलं, सीट परत बसवली आणि एअरबॅगचा दिवा तसाच राहिला, तर सीटखाली हात घालण्याआधी स्कॅनर मिळवा. तो एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे तिचा कंट्रोल कॉम्प्युटर, वाचणारा हवा, कारण स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनपुरतेच असतात. कोड जसाच्या तसा लिहून घ्या आणि तो सध्याचा दाखवतोय की जुना, तेही टिपा. कनेक्टर सुटलेला असताना कोणी गाडी जरा पुढे घ्यायला म्हणून चावी फिरवली, की मॉड्यूल त्याची नोंद ठेवतं. नंतर कनेक्टर लावला तरी अनेक गाड्यांत दिवा आपोआप जात नाही. कोड जुना असेल तर तो पुसला की काम झालं.

समजा, ‘ड्रायव्हर बाजूची साइड एअरबॅग, सर्किट ओपन’ असा सध्याचा कोड आला, म्हणजे त्या वायरचा जोड कुठेतरी तुटलाय. आता पाना, टॉर्च आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवा. सीट विजेवर सरकणारी असेल तर ती आधीच मागे घ्या, नंतर वीज नसेल. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. तो गाडीगणिक वेगळा असतो. मी सरळ 10 मिनिटं थांबतो. मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये एअरबॅग उडवण्याइतका चार्ज काही काळ राहतो, म्हणून यात घाई नको.

मग सीटखालचा पिवळा कनेक्टर बघा. तो बसल्यासारखा दिसतो, पण बाजूचं छोटं लॉक पूर्ण आत गेलेलं नसतं. बहुतेक वेळा चूक इथेच सापडते. काढून पिन वाकलीय का, हिरवट गंज आहे का, वायर सीटच्या रेलखाली चेपलीय का ते पाहा. एअरबॅगच्या वायरवर मल्टिमीटर कधीच लावू नका; मीटरचा थोडासा करंटही तिला उडवू शकतो.

कोड स्टिअरिंगमधल्या एअरबॅगचा असेल तर सीट सोडा. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली असतील, वळवताना दिवा येत-जात असेल, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंगसोबत फिरणाऱ्या गुंडाळलेल्या वायरपट्टीवर घ्या. तो तुटला की बदलावाच लागतो, आणि नवा मध्यावर ठेवूनच बसवावा लागतो, नाहीतर पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटते.

कोड शेजारच्या सीटवर कोणी बसलंय का हे ओळखणाऱ्या सेन्सरचा असेल तर गादी ओली राहिलीय का आणि सीटखाली काही अडकलंय का, ते बघा. काही गाड्यांत सीट बसवल्यावर रिकाम्या सीटचं शून्य स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं.

बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसलेलं नको. पहिली चावीही दाराबाहेरून, डोकं एअरबॅगपासून लांब ठेवून फिरवा. कोड पुसल्यावर दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मग सीट पूर्ण पुढे-मागे करा. ठरावीक जागी दिवा परत आला, तर तिथे वायर ताणली जातेय.