सरकारी दवाखान्यात बिल नगण्य, मग पॉलिसीतून काय मिळतं?

बडोद्यात सयाजी या सरकारी दवाखान्यात ॲडमिट झालं की बिल नगण्य येतं, म्हणून बरेच जण क्लेमच करत नाहीत. साधी मेडिक्लेम खर्च झाला तेवढाच देते हे खरंय, पण आधी पॉलिसीत डेली हॉस्पिटल कॅश आहे का ते बघा, कारण ती बिलावर नाही तर ॲडमिट असलेल्या दिवसांवर मिळते. समजा रोजचे १००० रुपये आहेत, पेशंट ५ दिवस होता आणि पहिला दिवस वजा होतो, तर बिल शून्य असलं तरी ४००० मिळतील. बाहेरून २३०० ची औषधं आणली असतील तर ती मेडिक्लेममध्ये वेगळी मागता येतात, फक्त डॉक्टरची चिठ्ठी आणि पक्कं बिल दोन्ही जोडा.

क्लेम अडकतो तो कागदांवर. डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा नुसती तारीख असते, वेळ नसते, मग क्लेमसाठी लागणारे २४ तास भरले की नाही यावर कंपनी अडून बसते. म्हणून वॉर्डातून निघायच्या आधीच सिस्टरला सांगून ॲडमिट आणि डिस्चार्ज दोन्ही वेळा लिहून घ्या, सही-शिक्का बघा. केस पेपर दवाखान्यातच राहतो, त्याची शिक्क्याची कॉपी रेकॉर्ड रूममधून अर्ज देऊन मागावी लागते. आणि कंपनीला ॲडमिट होताच कळवा हं, बिल नाही म्हणून थांबू नका.