बौद्ध मित्राला बुद्ध पौर्णिमेचा संदेश कसा लिहावा

वैशाख पौर्णिमेची तारीख दिनदर्शिकेत पाहून घ्यावी आणि संदेश स्वतः, मित्राच्या नावाने लिहावा. ‘बुद्ध पौर्णिमेच्या मंगलकामना’ एवढे लिहिले तरी तो पूर्ण होतो. घसरण होते ती पुढच्या ओळीत, आपल्याला बुद्धांविषयी काही माहीत आहे हे दाखवण्याच्या हौसेपायी.

12 मे 2025 च्या पौर्णिमेसाठी कोणी असे लिहिले आहे असे धरू : ‘विष्णूचे नववे अवतार भगवान बुद्ध यांच्या 2569व्या जयंतीच्या शुभेच्छा’, आणि सोबत हसऱ्या, ढेरपोट्या मूर्तीचे चित्र. मूर्तीचे काम एका ओळीचे आहे : ती चिनी परंपरेतील बुदाई या भिक्खूची आहे, गौतम बुद्धांची नव्हे, म्हणून ती काढावी.

अवताराचा उल्लेख मात्र नुसता अनावश्यक नाही, तो दुखावणारा आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हे विष्णूचे अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारते. महाराष्ट्रातील बहुसंख्य बौद्ध घरांत या प्रतिज्ञा सर्वांना ठाऊक असतात. त्यामुळे ‘आम्हीही बुद्धांना देव मानतो’ हे आपुलकीने लिहिलेले वाक्यसुद्धा मित्राने जे सोडले तेच त्याच्या हाती परत ठेवते. ‘आमच्याकडे तसेच मानतात’ ही सबब इथे चालत नाही, कारण संदेश मित्राच्या सणाचा आहे. ‘तथागत बुद्ध’ किंवा ‘भगवान बुद्ध’ लिहावे आणि तिथेच थांबावे.

आकड्याची चूक तितकीच सर्रास होते. 2569 हे बुद्धवर्ष असून ते जन्मापासून नव्हे, महापरिनिर्वाणापासून मोजतात. परंपरेनुसार बुद्ध 80 वर्षे जगले, तेव्हा हा आकडा जयंतीचा असूच शकत नाही. जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांतही एकमत नसल्यामुळे आकडा सरळ गाळावा. त्याऐवजी खरी माहिती द्यायचीच असेल, तर थेरवाद परंपरेत लुंबिनीतील जन्म, बोधगयेतील संबोधी आणि कुशीनगरातील महापरिनिर्वाण या तिन्ही घटना याच पौर्णिमेच्या मानतात, हे सांगता येते. मित्र तिबेटी परंपरेचा असेल तर हेही टाळावे, कारण तिथे जन्म चौथ्या महिन्याच्या सातव्या दिवशी आणि उरलेल्या दोन घटना पौर्णिमेला मानल्या जातात.

दुरुस्त संदेश असा होतो : ‘जय भीम. तथागत बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांचे स्मरण करणाऱ्या या पौर्णिमेच्या तुम्हां सर्वांना मंगलकामना.’ मित्र आंबेडकरी परंपरेतला नसेल, तर आरंभी ‘नमो बुद्धाय’ लिहावे. सकाळी मंडळी विहारात वंदनेला गेलेली असतात, म्हणून फोन करायचा असल्यास दुपारनंतर करावा.