दोन वह्यांचं एक इतिवृत्त: या चुका टाळा

सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकली की ऑक्टोबरात माझ्याकडे वह्या यायला लागतात. एक सेक्रेटरीची, दुसरी कमिटीतल्या कुणाची तरी, हल्ली बहुतेक मोबाइलमध्ये टिपलेली. सोबत निरोप असतो, "जरा दोन्ही एकत्र करून द्या, तासाभराचं काम आहे." तासाभरात उरकलेलीच इतिवृत्तं पुढे वर्षभर भांडणं पुरवतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आकडे जुळले नाहीत की तडजोड करणं. एका सोसायटीत इमारतीच्या रंगकामाचा ठराव झाला. सेक्रेटरींच्या वहीत होतं, "रंगकाम 18 लाख, मंजूर." दुसऱ्या टिपणात होतं, "रंगकाम 21.24, तीन हप्ते." एकत्र करणाऱ्या उत्साही सभासदाने लिहिलं, "रु. 18 ते 21.24 लाखांपर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात आली." दोघांचा मान राखला! ठेकेदाराचं बिल आल्यावर खजिनदार चेकवर सही करेनात आणि निम्मे सभासद म्हणायला लागले, आम्ही 18 लाखांनाच हात वर केले होते. शेवटी तेवढ्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागली.

खरं तर दोन्ही आकडे बरोबर होते. कोटेशन 18 लाखांचं, त्यावर 18 टक्के जीएसटी 3 लाख 24 हजार, म्हणजे एकूण 21 लाख 24 हजार. एकाने कराआधीची रक्कम टिपली, दुसऱ्याने करासह. सभेत फिरवलेलं कोटेशन फाइलमध्येच होतं, पण उघडलं कुणी नाही. दोन टिपणांत फरक दिसला की मी आधी कोण चुकलं हे शोधत नाही. दोघं कोणत्या गोष्टीबद्दल लिहीत होते, ते बघतो. मग कागद काढतो: कोटेशन, ताळेबंद, सभेची नोटीस. कागदाने भागलं नाही तर ठरावाच्या सूचक आणि अनुमोदकाला वेगवेगळा फोन करतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न टाकू नका, तिथे सभा पुन्हा भरते.

वेळेचंही तेच. एका वहीत सभा 10 वाजता सुरू, दुसरीत 11 ला. सेक्रेटरींची वही म्हणून 10 धरलं तर काय होतं बघा. 60 सभासदांच्या सोसायटीत गणपूर्तीला 20 जण लागतात आणि हजेरीपटावर सह्या 14. म्हणजे तुम्हीच लिहून दिलं की सभा गणपूर्तीशिवाय चालली. प्रत्यक्षात 10 ची सभा अर्धा तास थांबून तहकूब झाली होती आणि नोटिशीत लिहिल्याप्रमाणे 11 ला पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिन्ही वेळा लिहा, आक्षेपाला जागाच राहत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे दोन्ही टिपणं वेळेच्या क्रमाने एकात एक विणत बसणं. सभेत लोक क्रमाने बोलत नाहीत. हिशेबाच्या विषयात कुणीतरी पार्किंग काढतं, अध्यक्ष "नंतर घेऊ" म्हणतात, पाऊण तासाने ते पुन्हा येतं. एकाने पहिल्या वेळी टिपलं, दुसऱ्याने ठरावाच्या वेळी. तसंच विणलं तर पार्किंगचे दोन ठराव झाल्यासारखं वाचता येतं. मी कोरा कागद घेऊन आधी नोटिशीतले विषय क्रमाने लिहितो आणि प्रत्येकाखाली भरपूर जागा सोडतो. मग एकेका विषयापुरत्या दोन्ही वह्या उघडतो. जुळलं ते पेनाने, एकाच वहीत आहे ते पेन्सिलने, विरोधात जातं ते लाल. लाल संपेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावत नाही. थेट टाइप करायला बसणाऱ्यांचा लाल रंग फॉन्टमध्ये गडप होतो.

एक खबरदारी: दोन्ही वह्यांत तंतोतंत तेच शब्द दिसले तर खूश होऊ नका. दोघं शेजारी बसले होते का, ते विचारा. एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं आणि तुम्ही एकच साक्ष दोनदा मोजता.

बाकीच्या चुका थोडक्यात. "सर्वानुमते" आणि "दोघांचा विरोध" समोरासमोर आले तर विरोध करणाऱ्यांना विचारा, सोयीचा शब्द उचलू नका. कुलकर्णी काकू, सौ. कुलकर्णी आणि बी-304 ही एकच व्यक्ती असू शकते, नावं हजेरीपटावरूनच घ्या. कोण काय म्हणालं याचा किस्सा कितीही रंगला असला तरी तो कापा, पण "माझा विरोध नोंदवा" असं म्हटलेलं वाक्य ठेवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग असेल तर ते फक्त लाल जागांपुरतं ऐका, सगळं ऐकायला बसलात तर तिसरं टिपण तयार होईल.

आणि मूळ वह्या फेकू नका. मसुदा वाटल्यावर सभासदांना हरकती कळवायला 15 दिवस असतात आणि हरकत बहुतेक वेळा पंधराव्या दिवशी रात्री येते. पक्कं इतिवृत्त वहीत चढून सह्या होईपर्यंत दोन्ही टिपणं आणि तो लाल-निळा कागद मी एकाच पाकिटात ठेवतो.