पैसे पाठवताना भलतंच नाव आलं तर

चतुर्थीच्या आधी सगळीकडे अ‍ॅडव्हान्स द्यायचे असतात, मंडप, भटजी, माटोळीचं सामान, आणि नंबर येतात व्हॉट्सअ‍ॅपवर. यूपीआय अ‍ॅपात नंबर टाकला की खाली नाव येतं, ते वाचा. आपण फोनात सेव्ह केलेलं मोठ्या अक्षरातलं नाही, बँकेतलं. ३० जून २०२५ पासून अ‍ॅपनी बँकेच्या रेकॉर्डमधलंच नाव दाखवायचं असा नियम आहे, म्हणजे "ते असंच काहीतरी टोपणनाव दिसतं हो" हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता समजा फोंड्याच्या हॉलवाल्याला दहा हजार द्यायचेत आणि नाव आलं कुठल्यातरी बाईचं, आडनावही वेगळं. घाबरायचं कारण नाही, खातं सुनेचं असेल आणि अजून माहेरच्या नावावर असेल, आपल्याकडे हे सर्रास. पण एक आकडा चुकलेलाही असू शकतो, किंवा त्याने सोडलेला जुना नंबर कंपनीने दुसऱ्याला दिला असेल. म्हणून फोन करायचा, तोही मेसेजमधल्या नंबरवर नाही, जुन्या पावतीवर किंवा बोर्डावर असेल त्यावर. आणि नाव विचारायचं, सांगायचं नाही! मागच्या वेळी मी नेमकं उलट केलं, नाव वाचून दाखवलं, "हे तुमचंच ना?", समोरून "हो हो, पाठवा". घाईतला प्रामाणिक माणूसही हो म्हणतो, लबाड तर म्हणणारच. "खात्यावर पूर्ण नाव काय आहे, सांगा बघू" एवढंच बोला आणि गप्प बसा. "बायकोचं आहे" म्हणाला तर बायकोचं पूर्ण नाव विचारा. परत सांगतो, स्क्रीनवरचं नाव आपल्या तोंडातून बाहेर पडता कामा नये. इनिशियल आणि स्पेलिंगचा फरक चालतो, आख्खं आडनाव वेगळं असेल तर थांबा.

नाव जुळलं तरी आधी थोडे पाठवा. सगळे एक रुपया पाठवतात, मी म्हणतो सात पाठवा आणि किती आले ते त्यांना विचारा. इथेही तेच, आकडा सांगायचा नाही. आणि नाव जुळलं म्हणजे माणूस खरा असं नाही हां, ठग स्वतःच्या खऱ्या नावानेही पैसे घेतो, नाव फक्त खातं कोणाचं ते सांगतं.

खाते नंबर आणि आयएफएससी टाकून पाठवत असाल तर आणखी जपून, तिथे पैसे नंबर बघून जमा होतात, आपण टाईप केलेलं नाव कोणी जुळवत नाही. बँकेच्या अ‍ॅपात लाभार्थीचं नाव बघायची सोय आलीय, ती वापरा.

दुकानातला क्यूआर: स्टिकरवर स्टिकर आहे का बघा, नाव गल्ल्यावरच्यालाच विचारा.

पाठवल्यावर व्यवहार क्रमांक ठेवा. चुकीच्या खात्यात गेले तर लगेच अ‍ॅपात तक्रार आणि बँकेला फोन, बँक त्या माणसाच्या संमतीशिवाय सहसा परत ओढू शकत नाही. फसवणूक वाटली तर १९३०, त्याच तासात.