जुना राउटर घरी आणल्यावर आधी काय तपासावे

दारव्ह्याच्या एका दुकानातून मी जुना राउटर घेतला तेव्हा दुकानदाराने सांगितले, "रिसेट करूनच ठेवला आहे भाऊ, लावा आणि वापरा." मी वाय-फायचे नाव व पासवर्ड बदलला आणि काम झाले असे समजलो. ती समजूत चुकीची होती, आणि नवख्या माणसाची चूक बहुधा इथेच होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वाय-फायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे दुसरा पासवर्ड जुनाच राहिला होता, आणि आधीच्या मालकाने भरलेला डीएनएसचा पत्ताही आत तसाच होता. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी यंत्रणा. ती परक्याच्या हातात असेल तर बँकेचे नाव टाइप करूनही आपण भलत्याच पानावर पोहोचू शकतो. सुमारे दोन आठवड्यांनी बँकेचे पान उघडताना फोनने संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र जुळत नसल्याची सूचना दिली, तेव्हा मी विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा चालवली.

```
ipconfig /all
```

त्यातील `DNS Servers` या ओळीत राउटरचा `192.168.0.1` हा पत्ता दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तिथे मी कधीही न भरलेले दोन पत्ते होते. प्रमाणपत्राची सूचना आली तर "पुढे जा" दाबू नका.

मग मी सुईने रिसेटचे बटण दाबले, परंतु दोन-तीन सेकंदच. माझ्या राउटरवर तेच बटण डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडण्याच्या सोयीचेही होते, त्यामुळे फक्त एक दिवा लुकलुकला आणि सेटिंग जागच्या जागी राहिले. राउटर चालू ठेवून सर्व दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, साधारण दहा सेकंद, बटण दाबून धरावे लागते. रिसेट खरोखर झाला की वाय-फायचे नाव राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरच्या नावाशी जुळते. जुने नाव दिसत असेल तर तो झालेला नाही.

हे सारे इंटरनेटची केबल लावण्यापूर्वी, संगणक लॅन केबलने जोडून करावे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन झाल्यावर पहिल्यांदा `admin` चा पासवर्ड बदला, बाहेरून सेटिंगमध्ये शिरू देणारे दूरस्थ व्यवस्थापन आणि डब्ल्यूपीएस बंद करा, इंटरनेटवरून घरातल्या उपकरणांपर्यंत वाट देणाऱ्या पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी आहे ना पाहा. घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या `DHCP Server` मधील `Primary DNS` रिकामा किंवा `0.0.0.0` असला तरी घाबरू नका, बहुतेक राउटरवर ते मूळचेच असते. कनेक्शनच्या पानावर आधीच्या ग्राहकाचे युजरनेम दिसले तर ते वापरू नका. आपले युजरनेम केबलवाल्याकडून घ्या.

कोणी "माझी तयार बॅकअप फाइल टाका, सगळे आपोआप होईल" म्हणाले तर ऐकू नये, कारण त्या फाइलमधून त्याचीच सेटिंग तुमच्या राउटरमध्ये येतात. हाताने भरायला अर्धा तास लागतो, एवढेच.

रिसेटने फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर, बदलत नाही. तळाच्या कागदावरील मॉडेल व हार्डवेअरची आवृत्ती लॉगिनच्या पानाशी जुळत नसेल, तर राउटर त्याच दिवशी दुकानात परत न्यावा.