ग्राफ स्वपूरक आहे का, हे कसं तपासावं

पूरक ग्राफ काढायला फार काही लागत नाही. शिरोबिंदू तेच ठेवायचे, जिथे कडा होती तिथली पुसायची, जिथे नव्हती तिथे काढायची. मूळ ग्राफ आणि पूरक ग्राफ समरूप निघाले, म्हणजे बिंदूंची नावं बदलून एकाचा दुसरा करता आला, तर तो ग्राफ स्वपूरक.

आधी कडा मोजा. दोन्हीकडे सारख्याच हव्यात, म्हणून शक्य असलेल्या एकूण कडांची संख्या सम लागते. चार बिंदूंवर सहा, म्हणजे तीन-तीन. पाचांवर दहा, म्हणजे पाच-पाच. सहा बिंदूंवर पंधरा, म्हणजे तिथे शोधत बसू नका.

चार बिंदूंचं काम मिनिटात होतं. क–ख–ग–घ ही सरळ वाट घ्या. पूरकात कग, कघ, खघ उरतात, म्हणजे ग–क–घ–ख, पुन्हा वाटच. चार बिंदूंवर दुसरा स्वपूरक ग्राफ नाही.

खरी गोची पाच बिंदूंवर. बिंदूला जितक्या कडा लागतात ती त्याची डिग्री. 'डिग्र्यांची यादी जुळली की झालं' हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. मी त्याच भरवशावर परीक्षेत एक ग्राफ स्वपूरक ठरवून मोकळा झालो होतो. कखगघ हा चौकोन आणि क ला लटकलेला च. डिग्र्या 3, 2, 2, 2, 1. पूरकात कग, खघ, खच, गच, घच; डिग्र्या पुन्हा 3, 2, 2, 2, 1! पण चित्र काढून बघा: ख, घ, च यांचा त्रिकोण आणि त्याला च–ग–क अशी शेपटी. मूळ ग्राफात त्रिकोण एकही नाही. संपला विषय.

म्हणून यादी जुळत नसेल तर ग्राफ बाद करा, पण जुळली म्हणून पास करू नका. कोणता बिंदू कुठे जातो, हे लिहूनच दाखवा. खगघ त्रिकोण, ख ला क आणि ग ला च अशी दोन शिंगं असलेला ग्राफ घ्या. पाच बिंदूंवर डिग्री d असेल तर पूरकात ती 4 − d होते. म्हणजे शिंगांची टोकं 1 वरून 3 वर जातात, ख आणि ग 3 वरून 1 वर येतात आणि घ 2 वरच राहतो. त्यामुळे घ ला घ वरच पाठवावं लागतं. ख ला क वर पाठवलं, की क ला ग वर जाण्यावाचून गत्यंतर नाही, कारण पूरकात क चा 1 डिग्रीचा शेजारी तोच. उरलं ग→च, च→ख. आता कख, खग, खघ, गघ, गच या पाचही कडा या नियमाने बदलल्या, की गक, कच, कघ, चघ, चख येतात. पूरकातल्या कडा नेमक्या याच. एखादी कडा तपासायची राहिली तर उत्तर अर्धवट समजा.

पाच बिंदूंवरचा दुसरा स्वपूरक ग्राफ म्हणजे पंचकोन. त्याचा पूरक आत काढलेली पाच टोकांची चांदणी. तिसरा नाही.